एडीएचडी असलेल्या मुलासाठी वर्गशिक्षकांना द्यायचा एक कागद

मुलाला एडीएचडी आहे असे रुग्णालयात सांगितले गेले की आई तो केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून शाळेत नेते. बाई तो वाचतात, "बरं, लक्ष ठेवते" म्हणतात, आणि पुढच्याच आठवड्यात मूल पुन्हा वर्गाबाहेर उभे दिसते. यात बाईंच्या मनात वाईट असतेच असे नाही. डॉक्टरांच्या कागदावर मुलाला काय आहे एवढेच लिहिलेले असते. ४६ मुलांच्या वर्गात, फळ्यावरचा धडा उतरवताना हे मूल पाचव्यांदा उठले तर बाईंनी नेमके काय करायचे, हे त्या कागदावर नसते. त्यासाठी दुसरा एक कागद लागतो. तो पालकांनी आणि बाईंनी मिळून बनवायचा असतो. तो एक पानाचाच असावा, कारण दोन पानांचा कागद कपाटात जातो आणि एक पानाचा टेबलाच्या काचेखाली राहतो. असा कागद कसा बनवायचा, ते या वेळी पाहू.

मूल कुठे अडते

एडीएचडी असलेल्या मुलाला लक्षच नसते असे नाही. हेच मूल मोबाइलवरच्या खेळात अर्धा तास मान वर करत नाही. म्हणून घरी म्हणतात, "अभ्यासाचंच तेवढं नाटक." पण खेळात दर काही सेकंदांनी काहीतरी मिळते, आवाज होतो, गुण वाढतात. वहीत दहा ओळी लिहिल्याचे फळ मात्र चाचणीत किंवा वर्षाअखेरीला मिळते. एडीएचडी असलेल्या मुलाच्या मेंदूला लांबचे फळ धरून ठेवणे फार जड जाते. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण सूचनांची. "पुस्तक काढा, पान २३ उघडा, दुसरा प्रश्न वहीत उतरवा आणि उत्तर लिहा," असे बाई एका दमात सांगतात. मूल पुस्तक काढते आणि बाकीचे तीन भाग तोवर डोक्यातून निसटलेले असतात. मग ते शेजाऱ्याला विचारते आणि "बोलू नको" म्हणून ओरडा खाते.

तिसरी अडचण स्वतःला थांबवण्याची. हात वर करायचा, मग बोलायचे, हे मुलाला माहीत असते. पण मनात आले आणि तोंडातून बाहेर पडले, यांच्यामधला क्षणभराचा ब्रेक कमजोर असतो. उठण्याचेही तसेच.

पुढचा सगळा कागद या तीन अडचणींवर बेतलेला आहे. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. एडीएचडी म्हणायचे तर ही लक्षणे किमान सहा महिने असावी लागतात, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि वयाच्या १२ वर्षांच्या आधी सुरू झालेली असावी लागतात. जे मूल फक्त शाळेतच असे वागते, त्याचे कारण वेगळे असू शकते. कान सारखा वाहणाऱ्या मुलाला बाईंचे ऐकू येत नाही. नजर कमी असलेल्या मुलाला फळा दिसत नाही. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या, तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या मुलाची झोप पुरी होत नाही आणि दिवसा ते चिडके, चंचल होते. काही मुले पाच-दहा सेकंद एकटक शून्यात पाहतात, हाक मारली तरी भानावर येत नाहीत आणि मग काही झालेच नाही असे पुढे लिहू लागतात. हा फिटचा एक प्रकार असू शकतो. कान, डोळे, झोप आणि असे क्षण, हे चारही डॉक्टरांना सांगून तपासून घेतलेले असावेत.

आधी मोजायचे, मग मागायचे

आमच्या पाहण्यात आलेल्या अनेक मुलांना एकत्र करून आपण एक मुलगा उदाहरणासाठी समोर ठेवू. तो साडेआठ वर्षांचा आहे, महापालिकेच्या शाळेत तिसरीत, दुपारच्या सत्रात शिकतो. वर्गात ४६ मुले आहेत. वडील रंगकाम करतात, आई दोन घरी स्वयंपाकाला जाते, घरी आजी असते. मुलाची जागा चौथ्या बाकावर, दाराला लागून आहे. शाळेतून येणारी तक्रार एकच: "खूप मस्ती करतो."

"मस्ती करतो" यावर कुठलीच योजना बनत नाही. म्हणून आईने बाईंना एवढेच विचारायचे, "बाई, चार दिवस फक्त मराठीच्या आणि गणिताच्या तासाला याचं काय होतं ते रेघा मारून ठेवाल का?" हजेरीपटाच्या मागे ठेवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने रेघा मारायला बाईंना वेगळा वेळ लागत नाही.

चार दिवसांनी चिठ्ठीवर असे दिसते. मराठीच्या तासाला मुलगा न विचारता जागेवरून उठला ९, ११, ८ आणि १२ वेळा, म्हणजे सरासरी १० वेळा. फळ्यावरच्या १० ओळींपैकी त्याने उतरवल्या ४, ५, ३ आणि ४, म्हणजे सरासरी ४. गणिताच्या तासालाही उठणे जवळपास तेवढेच. घरचा अभ्यास चारपैकी एकाच दिवशी वहीत लिहून आणला होता. शिवाय बाईंच्या लक्षात आले की तासाची पहिली दहा मिनिटे तो बरा बसतो, उठणे त्यानंतर सुरू होते. आणि दारातून कोणी गेले की तो उठतोच.

आता तक्रारीच्या जागी तीन ठोस गोष्टी हातात आल्या: उठणे, उतरवून घेणे, घरचा अभ्यास लिहून आणणे. सुरुवातीला तीनपेक्षा जास्त घेऊ नयेत. हा मुलगा उत्तरेही मध्येच ओरडून सांगतो, पण ते सध्या बाजूला ठेवायचे. एका वेळी दहा गोष्टी सुधारायला घेतल्या तर बाई दमतात, मूल दमते आणि काय उपयोगी पडले तेही कळत नाही.

जागा बदलायची, पण वेगळे बसवायचे नाही

पहिला बदल जागेचा. मुलाला पहिल्या बाकावर, दार आणि खिडकीपासून लांबच्या बाजूला बसवायचे. शेजारी शांत आणि त्याच्याशी पटणारे मूल हवे. बाई फिरताना त्याच्या बाकावर हलकेच बोट टेकवू शकतील, सगळ्या वर्गासमोर नाव घेऊन ओरडावे लागणार नाही, एवढी ती जागा जवळ असावी.

पुष्कळदा बाईंना "जवळ बसवा" सांगितले की मुलाला टेबलाशेजारी एकटे, कोपऱ्यात किंवा खाली जमिनीवर बसवले जाते. याने लक्ष वाढत नाही. मूल मागे वळून वर्गाकडेच बघत राहते आणि बाकीच्या मुलांना कळते की याच्याशी असे वागले तरी चालते. आपल्या घरांना वर्गात वेगळे बसवण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते. म्हणून कागदावर हे स्पष्ट लिहावे: मुलगा पहिल्या बाकावर, दुसऱ्या मुलासोबत बसेल. एकटा बसवला जाणार नाही.

एका वेळी एक सूचना

दुसरा बदल सूचनेचा. बाई संपूर्ण वर्गाला नेहमीसारखी सूचना देतील. मग या मुलाच्या बाकाजवळ येऊन नाव घेतील, त्याने वर पाहेपर्यंत थांबतील आणि फक्त पहिला भाग सांगतील: "पान २३ उघड." मग विचारतील, "काय करायचं?" मुलाने "पान २३ उघडायचं" असे स्वतःच्या तोंडाने म्हटले की पुढचा भाग. याला दहा-पंधरा सेकंद लागतात. पान आणि प्रश्नाचा आकडा फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात लिहिला तर डोक्यातून निसटलेले मुलाला डोळ्यांनी परत सापडते, आणि वर्गातल्या इतर मुलांनाही तो कोपरा उपयोगी पडतो.

घरच्या अभ्यासाचेही तसेच. शाळा सुटायच्या गडबडीत तो सांगितला तर या मुलाच्या वहीत उतरत नाही. तास संपायच्या पाच मिनिटे आधी तो फळ्याच्या त्याच कोपऱ्यात लिहायचा. शेजारच्या मुलाने याची वही फक्त बघायची, लिहिले असेल तर बाईंना सांगायचे. लिहिले नसेल तर चहाडी करायची नाही, "लिही" एवढेच म्हणायचे.

कामाचे तुकडे

तिसरा बदल सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. दहा ओळी उतरवायच्या असतील तर मुलाच्या वहीत पेन्सिलीने आडव्या खुणा करून तीन, तीन आणि चार ओळींचे तुकडे करायचे. एक तुकडा झाला की मुलाने वही दाखवायची, बाईंनी बरोबरची खूण करायची, मग पुढचा तुकडा. वर्षाअखेरीचे फळ असे चार मिनिटांवर येते. गणितात दहा उदाहरणांऐवजी पाच द्यावीत, सोपी दोन आणि अवघड तीन. मुलाला वजाबाकी येते का हे पाच उदाहरणांत कळते. बाकीच्या पाचांत फक्त त्याची बसण्याची ताकद मोजली जाते.

पालक बहुतेक वेळा "पेपरला जास्त वेळ द्या" एवढेच मागतात. ज्या मुलाला वाचायला किंवा लिहायलाच वेळ लागतो त्याला जादा वेळाचा फायदा होतो. पण एडीएचडी असलेले मूल लांब बसवले की शेवटची वीस मिनिटे पेन फिरवत बसते. त्याला पेपरही तुकड्यांत द्यावा: एक पान संपले की दोन मिनिटे उभे राहायचे, पाणी प्यायचे, मग दुसरे पान.

उठण्याचे हक्काचे काम

चौथा बदल असा की मूल उठणारच असेल, तर ते आपण ठरवलेल्या वेळी उठावे. रेघांवरून कळले होते की दहा मिनिटांनंतर याचे उठणे सुरू होते. म्हणून दहा मिनिटे झाली की बाई त्याला काम देतील: फळा पुसणे, वह्या वाटणे, शेजारच्या वर्गातून खडू आणणे. काम घड्याळाप्रमाणे मिळेल. मुलगा नीट बसला म्हणून बक्षीस म्हणून नाही, आणि मस्ती केली म्हणून ते काढूनही घेतले जाणार नाही. चुळबूळ केल्यावरच काम मिळाले तर मूल पटकन शिकते की चुळबूळ केली की सुटका होते.

मधल्या सुट्टीचेही हेच. "लिहून झालं नाही, सुट्टीत इथेच बस" ही वर्गातली नेहमीची शिक्षा आहे. या मुलासाठी ती उलटी पडते. सुट्टीत पळून न आलेला मुलगा पुढचे दोन तास जास्त हलतो. कागदावर लिहावे: मधली सुट्टी कापली जाणार नाही.

रोजचे कार्ड

वरचे चार बदल बाईंनी वर्गात करायचे. पाचवा वर्ग आणि घर यांना जोडतो. पोस्टकार्डाएवढा एक कागद रोज दप्तरातून शाळेत जातो आणि परत येतो. त्यावर तीनच गोष्टी असतात.

पहिली: तीनपैकी दोन तुकडे पूर्ण केले का? ही मराठी आणि गणित अशा दोन तासांना बघायची. दुसरी: कार्डावर प्रत्येक तासासाठी आठ छोटे चौकोन असतात. मुलगा न विचारता उठला की बाई काही न बोलता एक चौकोन खोडतात. तास संपताना एक जरी चौकोन उरला तरी बरोबरची खूण. तिसरी: घरचा अभ्यास वहीत लिहिला का? ही दिवसातून एकदा. म्हणजे दिवसाच्या एकूण पाच खुणा झाल्या. पाचपैकी तीन मिळाल्या की त्या दिवशी घरी ठरलेली गोष्ट मिळते.

आठच चौकोन का, पाच का नाहीत, असे बाई विचारतील. मुलगा दहा वेळा उठत होता. पहिल्याच आठवड्यात पाचावर आणायचे ठरवले तर तो रोज हरेल, आणि तिसऱ्या दिवशी कार्ड गटारात सापडेल. सुरुवातीचे लक्ष्य असे असावे की थोडा प्रयत्न केला तर पाचपैकी चार दिवस जमेल. मग ते हळूहळू अवघड करायचे.

घरी काय द्यायचे याला पैसे लागत नाहीत. वडिलांबरोबर वीस मिनिटे कॅरम, रात्रीची भाजी कुठली ते त्याने ठरवायचे, आजीकडून एक जास्तीची गोष्ट, असे काही. ते त्याच संध्याकाळी मिळाले पाहिजे. खुणा कमी पडल्या तर ओरडायचे नाही, मारायचे नाही, दिवसाचा हिशोब मागायचा नाही. "आज दोन झाल्या, उद्या बघू," एवढे म्हणून सही करायची.

आपल्या उदाहरणातल्या मुलाचे काय होते ते पाहू. पहिल्या आठवड्यात सहापैकी पाच दिवस त्याला तीन किंवा जास्त खुणा मिळतात. दुसऱ्या आठवड्यात दोनच दिवस. बाईंना वाटते, नव्याची नवलाई संपली. पण आईने घरी विचार केल्यावर कारण सापडते. वडिलांचे काम लांब लागले, ते रात्री दहाला घरी येऊ लागले आणि कॅरम "रविवारी खेळू" वर गेला. मुलासाठी रविवार म्हणजे कधीच नाही. मग कॅरम आजी खेळू लागते. तिला नीट येत नाही, पण त्याच संध्याकाळी मिळते, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पाच दिवस होतात. कार्ड चालेनासे झाले तर पहिल्यांदा मुलाला दोष देऊ नये, घरची गोष्ट वेळेवर मिळते का ते बघावे.

चौथ्या आठवड्यापासून चौकोन आठाचे सहा करायचे आणि तीनही तुकडे पूर्ण हवेत असे ठरवायचे. सहा आठवडे झाले की बाईंनी पुन्हा चार दिवस रेघा मारायच्या. आता उठणे सरासरी पाचवर आले आहे, दहापैकी आठ ओळी उतरल्या आहेत आणि घरचा अभ्यास चारपैकी तीन दिवस वहीत आहे. मध्येच ओरडून उत्तर देणे तसेच आहे, कारण त्यावर काम केलेलेच नव्हते. आता ते चौथी गोष्ट म्हणून घेता येईल. आणखी एक गोष्ट आता स्पष्ट दिसते: पूर्ण लिहिलेल्या आठ ओळींतही काना-मात्रा गळतात, अक्षरे उलटसुलट होतात, वाचताना तो शब्द अंदाजाने म्हणतो. ही एडीएचडीची गोष्ट नाही. एडीएचडी असलेल्या अनेक मुलांना सोबत वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही असते. तिची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

बाईंना द्यायचा कागद

आता हे सगळे एका पानावर असे येते. आपल्या मुलाप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत.

*आदरणीय वर्गशिक्षिका यांस सविनय नमस्कार.*

*आमच्या मुलाला एडीएचडी असल्याचे निदान झाले आहे. केसपेपरची झेरॉक्स सोबत आहे. त्याला काय करायचे ते समजते, पण लांब सूचना लक्षात ठेवणे, बराच वेळ बसणे आणि स्वतःला थांबवणे त्याला जड जाते. आपण चार दिवस ठेवलेल्या नोंदींवरून खालील गोष्टी ठरवल्या आहेत.*

*१. तो पहिल्या बाकावर, दारापासून लांब, दुसऱ्या मुलासोबत बसेल. एकटा बसवला जाणार नाही.*

*२. वर्गाला सूचना दिल्यावर त्याला एकेक भाग वेगळा सांगावा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यावा. पान क्रमांक व घरचा अभ्यास फळ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात लिहावा.*

*३. लेखनाचे तीन तुकडे, प्रत्येक तुकड्यानंतर खूण. गणिताची पाच उदाहरणे. चाचणीत एक पान झाल्यावर दोन मिनिटांची विश्रांती.*

*४. तासाची दहा मिनिटे झाल्यावर उठण्याचे एक काम. मधली सुट्टी कापली जाणार नाही.*

*५. मराठी व गणिताच्या तासाला कार्डावर खुणा. कार्ड आम्ही रोज सही करून परत पाठवू. घरचे बक्षीस ही आमची जबाबदारी.*

*६. सहा आठवड्यांनी आपण पुन्हा चार दिवस नोंद ठेवावी. त्यानंतर भेटून काय ठेवायचे, काय बदलायचे ते ठरवू. भेटीची तारीख:*

*वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि पालक यांच्या सह्या.*

कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक बाईंकडे, एक घरी. मुलासमोर तो वाचून दाखवावा, म्हणजे कार्ड म्हणजे तक्रारवही नव्हे हे त्याला कळते. वर्गात निदानाचे नाव घेऊ नये अशी बाईंना तोंडी विनंती करावी. मुलांच्या तोंडी ते शिवीसारखे बसते.

औषध चालू असेल तर

डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट हे औषध दिले असेल तर बाईंना ते माहीत असावे. या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. सकाळी आठला गोळी घेतली आणि शाळा दुपारी साडेबाराला भरली, तर वर्गात तिचा परिणाम जवळपास संपलेला असतो. मग बाई म्हणतात, औषधाने काही फरक नाही, आणि घरचे गोळी बंद करतात. आपल्या मुलाची शाळा कुठल्या वेळेची आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळ किंवा मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. या गोळीने भूक मंदावते आणि शाळेतला पोषण आहार तसाच उरतो. झोपही उशिरा लागू शकते. बाईंनी ताटाकडे लक्ष ठेवले आणि आईने वजन व झोप लिहून ठेवली, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्यावरून ठरवता येते. भेटीला रोजची कार्डेही न्यावीत.

बाईंनी नाही म्हटले तर

"एकासाठी असं केलं तर सगळे मागतील," हे उत्तर मिळते. तेव्हा भांडण न करता मुख्याध्यापकांना भेटावे आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा दाखवावा. त्याच्या कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे दोन्हीला बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यापैकी कोणी सोबत आले तर बोलणे सोपे जाते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचे नाव वेगळे नाही, त्यामुळे फक्त एडीएचडीवर दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे धावण्यात वेळ जातो. अध्ययन अक्षमता मात्र त्या यादीत आहे. आपल्या उदाहरणातल्या मुलासारखी वाचन-लेखनाची अडचण दिसत असेल तर ती तपासणी टाळू नये. वरचा एक पानाचा कागद द्यायला कुठलेही प्रमाणपत्र लागत नाही.

ज्यांचे निदानच अजून झालेले नाही, त्यांनी शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारावे. त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे आणि ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवू शकतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील बालरोग किंवा मानसोपचार विभागातही जाता येते. कुठे जायचे कळत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. तो मोफत आहे.

जूनमध्ये वर्ग बदलतो, बाई बदलतात आणि हा कागद हरवतो. म्हणून वर्षाअखेरीला जुन्या बाईंकडून त्यावर दोन ओळी लिहून घ्याव्यात: काय उपयोगी पडले आणि काय नाही. ती प्रत शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात नव्या बाईंच्या हातात द्यावी. मुलाविषयी दुसरी कुठली गोष्ट त्यांच्या कानावर जायच्या आधी.